प्रकल्प नोंदी: १०० भागांचं भांडवल, पहिला महिना

१ तारीख, सोमवार

घरबसल्या ऑनलाइन वस्तू विकायच्या ठरवल्यात, त्यासाठी घरखर्चातून बाजूला पडलेली रक्कम आज वेगळ्या खात्यात टाकली. रक्कम लहान आहे. ती किती, हे इथे लिहीत नाही, कारण प्रत्येकीची वेगळी असणार. मी तिला १०० भाग मानलंय आणि महिनाभराचा सगळा हिशेब भागांतच ठेवणार आहे. वाचणारीने आपल्या रकमेचे १०० भाग पाडले की आकडे तिच्याही कामाचे होतील.

वाटणी अशी केली. ६० भाग मालासाठी, १२ भाग पिशव्या, टेप, पुठ्ठा वगैरेंसाठी आणि २८ भाग हात न लावण्यासाठी. या २८ वर घरात जरा चर्चा झाली. नणंदेने बरीच वर्षं हिशेबनीसाचं काम केलंय, तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, छोट्या धंद्यात पैसा बुडण्याआधी अडकतो. माल पडून राहिला की अडकला, पार्सल वाटेत आहे तोवर अडकला, विकला तरी हातात येईपर्यंत अडकलेलाच. ते २८ त्या दिवसांसाठी आहेत." वहीच्या पहिल्या पानावर म्हणूनच 'नफा' असा रकाना आखला नाही. 'हातात', 'मालात', 'वाटेत', 'येणं' असे चार रकाने आखले. रोज रात्री चारही भरायचे.

वेळ सकाळी ११ ते १ आणि रात्री ९ ते साडेनऊ. मुलं शाळेत असतात आणि खिडकीत उजेड असतो, म्हणून सकाळची वेळ. रात्रीचा अर्धा तास फक्त निरोपांना उत्तरं देण्यासाठी.

२ तारीख, मंगळवार

काय विकायचं हे ठरवण्याआधी काय विकायचं नाही, ते लिहून काढलं. कपडे आणि चपला नकोत, कारण मापाच्या गोंधळात सगळ्यात जास्त माल परत येतो, आणि एकाच वस्तूची चार-पाच मापं ठेवायला लागली तर ६० भाग त्यातच संपतील. फुटणारं काही नको. मुदत संपणारं किंवा अंगाला लावायचं काही नको. विजेवर चालणारंही नको, बिघडलं तर मला दुरुस्त करता येणार नाही. ओळखीच्या ब्रँडचं नाव किंवा चिन्ह असलेला स्वस्त माल तर अजिबात नको. तो नकली निघाला तर जबाबदारी विकणारीवरच येते.

उरलं काय? एकाच मापाचं, न फुटणारं, चपटं, हलकं, आणि फोटोत पाहून कळेल असं काही. यादी छोटी झाली, पण शोध सोपा झाला.

४ तारीख, गुरुवार

दोन दिवस काही विकत न घेता फक्त पाहत होते. ईबेवर शोधताना `Sold Items` असा एक फिल्टर लावता येतो. तो लावला की लोकांनी कितीला मांडलंय ते न दिसता प्रत्यक्षात काय विकलं गेलं आणि कितीला, ते दिसतं. किंमत कोणीही कितीही लावू शकतं, पण विकली गेलेली वस्तू म्हणजे कोणीतरी खरंच पैसे मोजलेत. ती विक्री आपल्या भागातली नसली तरी कोणत्या प्रकारची वस्तू चालते, याचा अंदाज येतो. मग आपल्या ग्राहकांच्या किमती आपण आपल्याकडच्या मार्केटप्लेसवर बघायच्या.

दुसरं काम म्हणजे परीक्षणं वाचणं. पाच ताऱ्यांची आणि एका ताऱ्याची सोडून दिली, तीन ताऱ्यांची वाचली. तीन तारे देणारा माणूस बहुतेक वेळा वस्तू वापरून मग नेमकं काय खटकलं ते लिहितो.

ठरलं: कपाटातल्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे कापडी कप्पे, दोनांचा सेट. तळाशी चेन असते, ती उघडली की कप्पा घडी होऊन चपटा बसतो. माप एकच, रंग मी एकच ठेवणार. परीक्षणांत वारंवार दिसलेल्या तक्रारी अशा: आतला पुठ्ठा पातळ असल्याने भिंती आत झुकतात, शिलाई उसवते, आणि ड्रॉवरमध्ये बसलाच नाही. पहिल्या दोन गोष्टी माल निवडताना सांभाळता येतील. तिसरी माझ्या हातात नाही असं आज वाटतंय.

कालच एक प्रयोग सुरू केलाय. ज्यात आपण फक्त फोटो पुढे पाठवायचे आणि माल पुरवठादार थेट ग्राहकाला पाठवतो, अशा एका ॲपवरून हाच सेट स्वतःसाठी मागवला. ९ भाग गेले. यात भांडवल जवळजवळ लागत नाही, म्हणून हा मार्ग आधी पाहायला हवा होता.

६ तारीख, शनिवार

घाऊक विक्रेत्यांना फोन केले, चार जणांना. प्रश्न आधी लिहून ठेवले होते: कमीत कमी किती घ्यावे लागतील, नमुना मिळेल का, खराब निघालेला नग बदलून देता का, तोच माल पुढच्या महिन्यात मिळेल का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोटो काढून, मजकूर लिहून, चार ग्राहक मिळवून झाल्यावर "तो माल आता येत नाही" असं उत्तर आलं तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

दोघांनी १२ सेटच्या खाली बोलायलाच नकार दिला. तिसऱ्याचं उत्तर गोलमाल होतं. चौथे म्हणाले, "ताई, ६ घ्या, पण रंग एकच मिळेल." मला तेच हवं होतं. सहा सेटांत तीन रंग घेतले असते तर एक रंग संपून दुसरा पडून राहिला असता. त्यांचा भाव सेटला ५ भाग, एकच नमुना हवा तर ६ भाग. नमुना मागवला.

८ तारीख, सोमवार

दोन्ही सेट शेजारी ठेवून पाहिले. ॲपवरचा सेट फोटोत करडा होता, प्रत्यक्षात निळसर आहे. पुठ्ठा इतका पातळ की बोट लावलं तरी वाकतो. घाऊक विक्रेत्याच्या सेटमध्ये चार दिवस सुती कपडे भरून ठेवून बघायचं, असं ठरवलं होतं, पण दोन तासांतच फरक दिसला. भिंती सरळ उभ्या आहेत, कोपऱ्यावर दुहेरी शिलाई आहे.

थेट पाठवणीचा मार्ग मी सोडतेय. भांडवल लागत नाही हे खरं, पण माल न पाहता ओळखीच्या माणसांना विकायचा आणि तो असा निघाला तर शब्द माझा जाणार. ज्यांना तोच मार्ग घ्यायचाय त्यांनी निदान प्रत्येक वस्तू एकदा स्वतःसाठी मागवून बघावी.

ॲपवरचा सेट परत करायला दिला. पैसे किती दिवसांत परत येतात, ते ग्राहकाच्या बाजूनेही कळेल.

९ तारीख, मंगळवार

फोटो. साडेअकराला खिडकीच्या बाजूला टेबल, मागे पांढरी चादर, वरचा दिवा बंद. दिवा चालू ठेवला की करडा रंग पिवळट दिसतो आणि मग "रंग वेगळा आला" म्हणून माल परत. सहाच फोटो ठेवले: उघडा सेट, कपडे भरलेला, कोपऱ्याची शिलाई जवळून, तळाची चेन, घडी घातलेला आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. घाऊक विक्रेत्याने पाठवलेले चकचकीत फोटो वापरले नाहीत. ते त्यांच्याही मालकीचे असतील याची खात्री नाही, आणि तेच फोटो आणखी पन्नास जण वापरत असतील.

व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग तयार केला, स्टेटस ठेवलं. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप फक्त ज्यांनी माझा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच पोहोचतो, म्हणून ओळखीच्या बायकांना आधी एकेकीला साधा निरोप पाठवून नंबर साठवायला सांगितलं. नमुना समोर होता, माल नव्हता, तेही स्पष्ट लिहिलं: "आज नोंदवलं तर चार दिवसांत निघेल." संध्याकाळपर्यंत तीन जणींनी हो म्हटलं. त्यातली एक शेजारच्या इमारतीतली.

तीन होकार हातात आल्यावर रात्री ६ सेटची मागणी दिली. ३० भाग माल, ३ भाग आणणावळ. होकार एकही आला नसता तर नमुन्याचे ६ भाग गेले असते आणि मी दुसरी वस्तू शोधली असती.

१० तारीख, बुधवार

किंमत ठरवायला पूर्ण सकाळ गेली, आणि ती जायलाच हवी होती.

एका सेटची खरेदी ५, आणणावळ अर्धा भाग. पिशवी, टेप, पुठ्ठा मिळून अर्धा. १२ सेटांचं सामान ६ भागांत आलं. कुरियर २. असे ८ भाग झाले. मार्केटप्लेसवर तसाच माल ११ च्या आसपास विकला जातोय, म्हणून मीही घरपोच ११ ठेवले. थेट, म्हणजे व्हॉट्सॲपवरून, विकला तर सेटमागे ३ भाग सुटतात. मार्केटप्लेसवर कमिशन आणि इतर आकार मिळून दीड भाग जातो, म्हणजे उरतो दीड.

मग परत येणाऱ्या मालाचा हिशेब मांडला. एक सेट परत आला तर जाण्याचे २, येण्याचे २ आणि पिशवीचा अर्धा, असे साडेचार भाग गेले, आणि तेही माल धड आला आणि कमिशन परत मिळालं तर. मार्केटप्लेसवर दहा सेट गेले आणि एक परत आला, तर नऊ सेटांचे साडेतेरा सुटले, साडेचार गेले, हातात ९. दोन परत आले तर ३. तीन परत आले तर ३ भागांचा तोटा. म्हणजे चारातला एक परत आला की सगळी धावपळ फुकट. थेट विक्रीत हीच रेषा दहात चारावर आहे.

नणंदेला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वहिनी, मग विक्री वाढवण्यापेक्षा परत येणं थांबवायला जास्त वेळ दे." हे वाक्य पानाच्या वर लिहून ठेवलंय.

शेजारी हातोहात दिला तर कुरियर वाचतं, म्हणून तिथे किंमत ९. सुटतात तेवढेच ३.

१२ तारीख, शुक्रवार

काल माल आला. सहाही सेट उघडून चेन फिरवून पाहिली, ठीक आहेत. आज पहिलं पार्सल नेलं आणि तिथेच अडखळले.

घरी वजन केलं होतं, ४४० ग्रॅम. अर्ध्या किलोच्या आत, म्हणजे २ भाग. काउंटरवरच्या माणसाने पट्टीने खोकं मोजलं आणि ४ भाग सांगितले. मी वजन दाखवलं. तो म्हणाला, "ताई, वजन नाही, आकार धरतात." त्याने समजावूनही सांगितलं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं, येईल ते किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानाचं वजन, यातलं जे जास्त त्यावर पैसे लागतात. भाजक काही ठिकाणी वेगळाही असतो, पण रीत हीच. माझं खोकं ३६, २८ आणि ६ होतं:

```
३६ × २८ × ६ ÷ ५००० = १.२१ किलो
```

अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी मोजतात, म्हणून १.२१ चं झालं दीड किलो. मी बहुतांशी हवेचेच पैसे भरत होते. आज निघेल असा शब्द दिला होता, म्हणून ४ भाग भरून पाठवलं. या सेटवर ३ ऐवजी १ सुटला.

घरी येऊन मोजपट्टी घेऊन बसले. खोकं नको, सेट आधीच घडी होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा लावून बांधला तर ३३, २५ आणि ३:

```
३३ × २५ × ३ ÷ ५००० = ०.४९५ किलो
```

जेमतेम अर्ध्या किलोच्या आत. पण पार्सल फुगून ४ सेंटिमीटर झालं तर ०.६६ येतं आणि टप्पा बदलतो. संध्याकाळपर्यंत जाड पुस्तकांखाली ठेवलेला सेट ३ च्या आत बसला. आता हीच पद्धत: आदल्या रात्री घडी करून दाबून ठेवायचा, सकाळी आडवी-उभी टेप मारून लगेच पिशवी बंद करायची, आणि पट्टीसकट एक फोटो काढून ठेवायचा. काउंटरवर वाद झाला तर, आणि मार्केटप्लेसने नंतर वजनातला फरक कापला तर, तो फोटो दाखवता येतो.

१३ तारीख, शनिवार

शेजारच्या इमारतीत एक सेट दिला, ९ भाग रोख.

१४ तारीख, रविवार

मार्केटप्लेसवर नोंदणी दोन दिवसांपूर्वी पूर्ण झाली होती. ओळखपत्र, बँक खातं आणि करासंबंधी माहिती लागली. आपल्याकडे लहान विक्रेत्यांना काय नियम लागू आहेत, ते नोंदणीच्या आधी वाचून घेतलं. आज पहिली मागणी आली.

पैसे मात्र आज नाहीत. पार्सल पोहोचायला तीन-चार दिवस, मग ग्राहकाला परत करण्यासाठी सात दिवस, मग त्यांचं पैसे देण्याचं चक्र. मी मोजलं: आजच्या सेटचे पैसे महिनाअखेरीला. थेट ग्राहक मात्र आधी पैसे पाठवतो, ते त्याच दिवशी 'हातात'च्या रकान्यात येतात. याच कारणाने ठरवलं की ६ सेटांतले फार तर २ मार्केटप्लेससाठी. तिथली साठ्याची संख्या २ च टाकली, ६ टाकली नाही.

१७ तारीख, बुधवार

काल एक सेट थेट गेला, २ भागांत, पार्सल मोजून ३ सेंटिमीटर. आज मार्केटप्लेसवर दुसरी मागणी.

८ तारखेला परत केलेल्या सेटचे ९ भाग आज परत आले. नऊ दिवस. माझ्याकडून घेणारीलाही एवढाच काळ थांबावं लागणार असेल, तर तिची चिडचिड मला समजते. थेट ग्राहकांसाठी मी ठरवलंय की परतीचं पार्सल आलं की तपासून त्याच दिवशी पैसे पाठवायचे.

१९ तारीख, शुक्रवार

काल आणखी एक सेट शेजारी गेला. आज एका अनोळखी नंबरवरून मागणी आली, लगेच पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही आला आणि "आत्ताच माणूस पाठवतोय, देऊन टाका" असा आग्रह. बँकेचं खातं उघडून पाहिलं, काहीच जमा नव्हतं. मी लिहिलं की जमा दिसलं की देते. मग "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" असा निरोप आला, आणि उत्तर न दिल्यावर नंबर गप्प झाला. खात्यात जमा दिसल्याशिवाय माल दाराबाहेर जाणार नाही. स्क्रीनशॉट म्हणजे फक्त चित्र, ते कोणालाही बनवता येतं.

२० तारीख, शनिवार

सहाही सेट गेले. वही उघडली. थेट दोन आणि शेजारी दोन मिळून ४० भाग आले, कुरियरचे ६ गेले, राहिले ३४. पहिली खेप ३३ ला पडली होती. मार्केटप्लेसचे दोन अजून 'वाटेत'. म्हणजे पहिल्या खेपेने दुसरीचे पैसे स्वतः आणले. मी मनाशी हीच अट ठेवली होती: आधीच्या खेपेचे पैसे हातात आल्याशिवाय दुसरी नाही.

मागणी द्यायला फोन केला तर विक्रेते म्हणाले, "ताई, माल चालतोय तर २० घ्या, सव्वाचारला देतो." सेटमागे पाऊण भाग कमी, वीस सेटांत १५ भागांची बचत. ऐकायला फार गोड. फोन ठेवून वही घेतली. हातात ८९ भाग आहेत. २० सेट म्हणजे ८५, आणणावळ वेगळी. सगळं भांडवल कप्प्यांत, राखीव २८ सुद्धा. विक्रीचा वेग पाहिला तर ६ सेट जायला नऊ दिवस लागले, आणि त्यातल्या चार जणी ओळखीच्या होत्या. हाच वेग टिकला तरी २० सेटांना महिना लागेल, आणि ओळखीच्या संपल्यावर तो टिकेल असं मला वाटत नाही. मधे कोणी सेट परत केला तर त्याचे पैसे द्यायलाही हातात काही नसेल. पुन्हा फोन केला, ६ च सांगितले. हातात राहिले ५६.

२२ तारीख, सोमवार

काल एक सेट थेट नोंदवला गेला, आज मार्केटप्लेसवर एक मागणी आली. माल अजून वाटेत आहे, उद्या येईल, परवा सकाळी पाठवायला मुदतीत बसतं.

आणि १७ ची मागणी परत येतेय. कारण: बसत नाही.

मार्केटप्लेसवर ग्राहकाशी बोलायला निरोपाची सोय आहे. वाद न घालता एवढंच विचारलं की कुठे अडला, म्हणजे पुढच्यांना नीट सांगता येईल. उत्तर आलं: ड्रॉवरची आतली उंची १० सेंटिमीटर, कप्पा १२. मी लांबी-रुंदी मजकुरात ठळक दिली होती आणि उंची तिसऱ्या ओळीत. ४ तारखेला परीक्षणांत हीच तक्रार वाचून 'माझ्या हातात नाही' असं लिहिलं होतं. ती माझ्याच हातात होती.

२३ तारीख, मंगळवार

सकाळचे दोन तास मजकूर बदलण्यात. शीर्षकातच 'उंची १२ सेंमी' आलं. दुसरा फोटो काढून टाकला आणि नवा लावला: उघडा ड्रॉवर, आत उभी धरलेली मोजपट्टी, १२ वर बोट. पहिली ओळ अशी: "मागवण्याआधी ड्रॉवरच्या आतली उंची मोजा. दर्शनी पट्टीची नको, आतली. १३ किंवा जास्त असेल तरच घ्या." एक सेंटिमीटर जास्त सांगितला कारण ड्रॉवर ओढताना वरची कडा घासते.

व्हॉट्सॲपवर ठरावीक उत्तर साठवून ठेवलं. कोणीही "घ्यायचाय" म्हटलं की आधी तोच प्रश्न जातो. संध्याकाळी एकीने मोजलं, ११ भरले, घेतला नाही. एक विक्री गेली, पण कुरियरचे २ आणि तिचा आठवडा वाचला.

दुसरी खेप आज आली. एका सेटची चेन अडकत होती. पार्सल उघडतानाच चित्रफीत काढली होती, ती पाठवली, विक्रेत्यांनी बदलून द्यायचं मान्य केलं. चेन साबण घासल्यावर चालायला लागली, म्हणून बदलून घेतला नाही, त्यांना तसं कळवलंही.

२७ तारीख, शनिवार

२५ ला मार्केटप्लेसवर एक, २६ ला थेट एक. दोन्ही ग्राहकांकडे उंची बसतेय, थेटवालीने तर ड्रॉवरचा फोटोच पाठवला.

आज परतीचा सेट आला. उघडताना पुन्हा चित्रफीत, पार्सलवरची चिठ्ठी दिसेल अशी. दुसऱ्याच कोणाचा जुना माल परत आला असता तर दाद मागायला हाच पुरावा. सेट धड आहे, पिशवी फाटलेली. कापड झटकून, दाबून, पुन्हा साठ्यात.

२९ तारीख, सोमवार

मार्केटप्लेसकडून पहिली रक्कम जमा झाली. साडेतीन भाग. १४ तारखेच्या सेटचे साडेसात व्हायला हवे होते. तपशील उघडला तर परतीचे जाण्या-येण्याचे ४ भाग याच रकमेतून कापलेत. बरोबरच आहे, फक्त ते वेगळे मागत नाहीत, पुढच्या पैशांतून काढून घेतात. जमा रकमेवरून किती सुटले हे कळत नाही, प्रत्येक मागणीचा तपशील उघडून वहीत उतरवावा लागतो.

३० तारीख, मंगळवार

चार रकाने भरले.

हातात साडेसत्त्याहत्तर. मालात ३ सेट, म्हणजे साडेसोळा, आणि पिशव्या-टेप एका भागाची. वाटेत काही नाही. येणं १५, मार्केटप्लेसचे दोन सेट. बेरीज ११०. नमुन्याचे ६ भाग यात धरलेले नाहीत. तो सेट फोटोसाठी वापरून झालाय, आता आमच्याच कपाटात आहे.

दहा सेट पाठवले, एक परत आला. थेट आणि शेजारच्या सहा सेटांनी १६ भाग दिले. मार्केटप्लेसच्या तीन सेटांनी साडेचार दिले आणि परतीने तेवढेच नेले. तिथून या महिन्यात काही सुटलं नाही. १६ मधून नमुन्याचे ६ वजा जाता राहिले १०. वेळ साधारण ६० तास गेला, त्यात पहिले दहा दिवस एकही विक्री नव्हती. दुसऱ्या महिन्यात तो शोधाचा वेळ लागणार नाही, पण ओळखीच्या ग्राहकांचा आधारही कमी होईल.

घरात विचारलं की हे १० भाग काढून घेणार का. नाही. हातात अजून १०० सुद्धा नाहीत, बाकीचे येणं आणि माल या रूपातच आहेत.

मार्केटप्लेस बंद करत नाही. उंचीची ओळ बदलल्यानंतर तिथे एकच मागणी गेलीय, २५ ची, आणि तिच्या परतीचे सात दिवस अजून संपायचेत. पुढच्या महिन्यातही एका वेळी साठा २ च ठेवणार. दहातले दोन परत आले तर तिथून काढता पाय.

विक्रेत्यांचा आज फोन येऊन गेला, ९ सेंटिमीटर उंचीचा सेट आलाय म्हणे. ११ भरले म्हणून परत गेलेली ती बाई आणि १० सेंटिमीटरवाला ग्राहक, दोघांना तो चालला असता. नमुना मागवलाय, ६ भाग. साठ्यातले ३ सेट जाईपर्यंत खेप नाही.